‘ऑपरेशन करून टाका’ ते ‘तुमचं काय ठरलंय?’: एका संवादामागची शंभर वर्षं

आमच्या वर्गात कम्युनिटी हेल्थ नर्सिंगच्या मुली दरवर्षी एक भूमिकानाट्य करतात. टेबल, तीन खुर्च्या, समोर साधनांचा ट्रे. एकीनं आरोग्य केंद्रातली नर्स व्हायचं, दोघींनी नवरा-बायको, आणि चौथीनं भिंतीला टेकून तपासणी यादीवर खुणा करायच्या. यंदा पहिल्याच गटातली ‘नर्स’ जोडपं बसायच्या आत म्हणाली, “दोन मुलं झाली ना ताई? मग आता ऑपरेशन करून टाका, कटकट संपली.”

मुलगी हुशार होती आणि माया लावून बोलत होती. तरी मी तिथंच थांबवलं. ते वाक्य तिनं पुस्तकात वाचलेलं नव्हतं. ते तिनं आईच्या, मावशीच्या, वॉर्डातल्या आयाबाईंच्या तोंडून ऐकलेलं होतं. ते कुठून आलं हे कळल्याशिवाय ते तोंडातून जात नाही, म्हणून ही पार्श्वभूमी.

सुरुवात मुंबईतच होते. 1921 साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी इथं संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखाना त्याच वर्षी सुरू झाला, यावरून काळाचा अंदाज येईल. कर्वे गणिताचे प्राध्यापक. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. घर चालवण्याचा भार त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी उचलला. 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघालं, अश्लीलतेचे खटले झाले, आणि 1934 साली त्यांच्या बाजूनं न्यायालयात डॉ. आंबेडकर उभे राहिले. मला यातली एक गोष्ट विद्यार्थिनींच्या मनावर ठसवाविशी वाटते. कर्व्यांच्या लेखी मूल केव्हा आणि हवं की नको, हा त्या बाईचा प्रश्न होता. देशाची लोकसंख्या किती आहे यावर तिचं उत्तर अवलंबून नव्हतं.

पुढे हा प्रश्न सरकारचा झाला. 1949 साली मुंबईत धन्वंती रामा राव, आवाबाई वाडिया आणि सहकाऱ्यांनी फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन स्थापन केली. 1952 साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तोवर बोलण्याला जागा होती. ती आक्रसायला लागली ती लूपच्या काळात.

1965 पासून लिप्पीज लूप देशभर बसवायला घेतला. गर्भाशयात बसवायचं प्लॅस्टिकचं, नागमोडी वळणाचं साधन. सुरुवातीच्या दोन वर्षांत लाखो बायकांनी तो बसवून घेतला आणि नंतर आकडा घसरला. पहिल्या काही पाळ्यांत अंगावरून जास्त जाऊ शकतं, कंबर दुखू शकते, क्वचित लूप आपोआप बाहेर पडतो, हे बसवण्याआधी सांगणारं माणूस बहुतेक ठिकाणी नव्हतं. बाई घरी जायची, रक्तस्राव व्हायचा, ती घाबरायची, शेजारीण विचारायची, आणि दोन दिवसांत चाळभर अफवा पसरायची. लूपमध्ये दोष होतेच. पण न सांगितल्यानं झालेलं नुकसान वेगळं होतं आणि ते टाळता आलं असतं. आज आपल्या भूमिकानाट्याच्या संहितेत तांबीबद्दल बोलताना ‘पहिले तीन महिने पाळी जास्त जाईल, घाबरू नका, पण अमुक झालं तर लगेच या’ हे वाक्य सक्तीचं आहे, ते या अनुभवातून आलेलं आहे.

त्याच सुमारास मुंबई महापालिकेच्या कुटुंब नियोजन कामाचे प्रमुख डॉ. दत्ता पै यांनी पुरुष नसबंदीची केंद्रं गर्दीच्या रेल्वे स्थानकांवर थाटली. कामावरून घरी जाणारा माणूस वाटेत शस्त्रक्रिया करून लोकल पकडू शकत होता. पुरुषापर्यंत पोचायची धडपड म्हणून मला ती कल्पना आजही धाडसी वाटते. पण फलाटालगत, उत्तेजनार्थ मिळणाऱ्या पैशांसह घेतलेल्या निर्णयात विचाराला किती वेळ मिळत असेल? आणि त्याची बायको त्या संभाषणात कुठं होती?

मग आणीबाणी आली. 1976-77 या एका वर्षात देशात सुमारे 82 लाख नसबंद्या झाल्या. त्यातल्या साधारण 62 लाख पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्र विधिमंडळानं तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते अमलात आलं नाही. लोकांच्या मनात बसलेली भीती मात्र राहिली, आणि पुढच्या सरकारांनी पुरुषांचा विषयच बाजूला ठेवला. उद्दिष्टं चालूच राहिली, भार बायकांवर आला. उपकेंद्रातल्या नर्सला, म्हणजे एएनएमला, वर्षाला इतक्या ‘केसेस’ आणायच्या असा आकडा ठरवून मिळायचा. ‘केस आणली’, ‘केस सुटली’ हे शब्द तेव्हापासून आपल्या तोंडी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत स्त्री नसबंदी 37.9 टक्के आणि पुरुष नसबंदी 0.3 टक्के दिसते. वर्गात ‘ऑपरेशन करून टाका’ हे नेहमी बाईकडं बघूनच म्हटलं जातं, ते यामुळं.

समुपदेशनाच्या पायऱ्या या सगळ्यानंतर आल्या. 1980 च्या दशकात सहा पायऱ्यांची एक रीत जगभर रुळली: स्वागत करा, विचारा, सांगा, निवडायला मदत करा, निवडलेली पद्धत समजावा, पुन्हा बोलवा. ‘विचारा’ हे ‘सांगा’च्या आधी आहे, आणि सगळा मुद्दा या क्रमात आहे. 1994 च्या लोकसंख्येवरच्या कैरो परिषदेनंतर भारतानं एप्रिल 1996 मध्ये पद्धतनिहाय उद्दिष्टं मागं घेतली. कागदावर आकडा गेला, सवय जायला वेळ लागतो.

आता संहितेतलं जोडपं बघू. बाई 26 वर्षांची, पहिली मुलगी चार वर्षांची, दुसरा मुलगा तीन महिन्यांचा. नवरा टेम्पो चालवतो, महिन्यातले आठ-दहा दिवस मुंबईबाहेर. घर भांडुपच्या डोंगरावर. सासूबाई म्हणतात, आता पाळणा थांबवा. बाळंतपणानंतर पाळी अजून आलेली नाही.

नर्स पहिल्यांदा विचारते, “बाळाला अंगावरचंच दूध का ताई?” बाई म्हणते, “हो.” बहुतेक विद्यार्थिनी इथं खूण करून पुढं जातात आणि अडकतात. संहितेत बाईच्या भूमिकेला एक गुप्त सूचना असते: सरळ विचारलं तरच सांगायचं. “वरचं काही देता का? बाटली, पाणी, घुटी?” असं विचारलं, की ती सांगते, “मी दुपारी दोन घरची कामं करते ना, तेव्हा सासूबाई डब्याचं दूध देतात.”

त्या एका उत्तरानं पुढचं सगळं बदलतं. नुसत्या स्तनपानावर गर्भधारणा टळते ती तीन अटींवर: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि वरचं काहीही नाही. इथं तिसरी अट मोडली. म्हणजे ती आत्ता सुरक्षित नाही, आणि ती गरोदर नसेलच असंही गृहीत धरता येत नाही. आधी निश्चय किटनं लघवीची तपासणी. ती नकारात्मक आली तरी अलीकडच्या दिवसांत संबंध आला असेल, तर तोवर निरोध वापरून चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी, आणि मग तांबी किंवा अंतराचं इंजेक्शन. हा प्रश्न न विचारणाऱ्या नर्सनं पुढं कितीही सुंदर माहिती दिली तरी ती चुकीच्या पायावर उभी असते.

यानंतर संहितेत नवऱ्याला केसपेपर आणायला खिडकीवर पाठवतात. ही पाच मिनिटं मुद्दाम ठेवलेली आहेत. जोडप्याला एकत्र बसवणं चांगलंच, पण नवऱ्यासमोर बाई काही गोष्टी बोलत नाही. नर्स आवाज खाली आणून विचारते, “ताई, तुमचं स्वतःचं काय ठरलंय?” आणि गप्प बसते. ही शांतता विद्यार्थिनींना सर्वांत अवघड जाते. बाई हळूच म्हणते, “ऑपरेशन नको इतक्यात. मुलाची तब्येत जरा धरू दे.” नुसत्या सासूबाईंच्या म्हणण्यावर पुढं गेलो असतो, तर हे कधी कळलंच नसतं.

आता सांगायचं, आणि तिला लागू पडतं तेवढंच. माला-एन नाही, कारण बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजणाऱ्या आईला ती गोळी देत नाहीत. छाया ही गोळी चालते: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वारी, नंतर आठवड्यातून एकदा. अंतरा तीन महिन्यांतून एक इंजेक्शन, अंगावर पाजणाऱ्या आईला बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी देता येतं. तांबी पाच किंवा दहा वर्षांची, हवी तेव्हा काढता येते.

नवरा परत येतो. नर्स त्यालाही तितक्याच सहजतेनं सांगते, “दादा, बिनटाक्याची पुरुष नसबंदी पण असते. तुम्हाला दोघांना मूल नको असं पक्कं वाटेल तेव्हा.” तो लगेच म्हणतो, “मला गाडीत माल चढवायचा असतो, ताकद जाईल.” ‘काही होत नाही हो’ म्हणून इथं झटकून टाकायचं नाही. दोन दिवस आराम, जड काम आठवडाभर नको, त्यानंतर ताकद पूर्वीसारखीच. पण शस्त्रक्रिया झाल्यादिवसापासून ती लागू पडत नाही. तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्य तपासून घ्यायचं. हे शेवटचं सांगायला विसरलं, आणि मधल्या काळात दिवस गेले, की घरात संशय बायकोवर येतो.

ती अंतरा निवडते, कारण रोजची आठवण नको आणि सगळ्यांना दिसेल असं काही घरात नको. नर्स समजावते: पाळी अनियमित होईल, काहींची बंदच होते, त्यानं रक्त साठत नाही. इंजेक्शनच्या जागी चोळायचं नाही, शेकायचं नाही. पुढं मूल हवं असेल तर शेवटच्या इंजेक्शननंतर सात ते दहा महिने लागू शकतात. मग नर्स म्हणते, “आता तुम्ही मला सांगा, पाळी आली नाही तर काय समजायचं?” बाईनं स्वतःच्या शब्दांत सांगितलं तरच खूण.

बहुतेक संहिता इथं संपतात. मी पुन्हा एक प्रवेश करायला लावते. दुसरी तपासणीही नकारात्मक आली, इंजेक्शन घेतलं, आणि महिन्याभरानं तीच बाई एकटीच दारात उभी आहे. पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं. “सिस्टर, पंधरा दिवस झाले, थोडं थोडं जातंच आहे. सासूबाई म्हणतात, सुईनंच झालं.” लूपच्या काळात अशी बाई दारातून परत जायची. यंदाच्या त्या पहिल्या मुलीला मी हाच प्रवेश दिला होता. ती खुर्ची ओढून म्हणाली, “बसा ताई. आधी मला सांगा, दिवसाला किती कपडे बदलावे लागतात?”