सर्व्हर गेला की डिस्कमध्ये काय उरतं?

परभणी-नांदेडकडे लाइट गेली की राउटर बंद पडतो, लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालू राहतो. अशा वेळी जो गेम उघडून पुढे खेळता येतो, तो कंपनीच्या सर्व्हरवाचूनही चालेल असं धरायला हरकत नाही. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा गाड्यांचा गेम या कसोटीत पहिल्यापासूनच नापास होता.

डिसेंबर 2014 मध्ये तो आला. एकट्यानं खेळायची कथा असूनही त्याला सतत नेट लागायचं. रस्ते, गाड्या, आवाज हे सगळं डिस्कवर होतं. पण तुमची लेव्हल, पैसे आणि घेतलेल्या गाड्या कंपनीच्या सर्व्हरवर राहायच्या. 14 डिसेंबर 2023 ला विक्री थांबली आणि 31 मार्च 2024 ला सर्व्हर कायमचा बंद झाला. डिस्क असलेल्यांच्या हातीही काही उरलं नाही. पुढे एप्रिलमध्ये अनेकांच्या युबिसॉफ्ट खात्यातून गेमचा परवानाच काढून घेतला गेला. संभाजीनगरात जुन्या डिस्कच्या दुकानात हा गेम स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

पैसे परत मिळाले ते फक्त नुकतीच खरेदी केलेल्यांना. आधी पूर्ण किंमत मोजलेल्यांना नाही, कारण कंपनीच्या म्हणण्यानुसार विकला होता तो वापराचा परवाना. हे आम्हाला सरळसरळ अन्यायाचं वाटतं. याच प्रकरणातून 2024 मध्ये यूट्यूबर रॉस स्कॉट यांनी 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम उभी केली. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून ऑनलाइन दुकानांना परवाना विकताना तसं स्पष्ट सांगावं लागतं. आपल्याकडे तो कायदा लागू नाही.

दबावाचा परिणाम 'द क्रू 2' मध्ये दिसला. 2025 मध्ये त्याला ऑफलाइन खेळायची सोय मिळाली. ऑनलाइन सेव्ह ऑफलाइनमध्ये उतरवून घेता येतो, पण ऑफलाइनची कमाई परत ऑनलाइन जात नाही. इतरांसोबतच्या शर्यती अर्थातच ऑफलाइन नाहीत. सर्व्हर चालू आहे तोवरच हा सेव्ह उतरवून ठेवायला हवा. नंतर तो आणणार कुठून?

नवा गेम स्टीमवर घेतलात तर तपासणी पहिल्याच दिवशी करा. गेम एकदा ऑनलाइन उघडून बंद करा, स्टीमच्या मेन्यूतून `Go Offline` निवडा, वायफाय काढा आणि मग थोडा वेळ खेळा. नुसता मेन्यू दिसला म्हणून थांबू नका. सेव्ह करा, गेम बंद करून परत उघडा आणि तो सेव्ह सापडतो का बघा. नाही सापडला, तर तुमची प्रगती सर्व्हरवरच राहते असं समजा. खरेदीला 14 दिवस आणि खेळण्याला दोन तास पूर्ण होण्याआधी रिफंड मागितला, तर स्टीम सहसा कारण न विचारता पैसे परत देतं. तपासायला दोन तासांतली वीस मिनिटंसुद्धा पुरतात.