सेलमध्ये दिसतं ते आणि सेलमध्ये असतं ते

मंडळी, वेळ थोडा आहे, त्यामुळे सरळ मुद्द्याला येतो. एक्सेलच्या प्रत्येक सेलमध्ये दोन गोष्टी असतात. एक आपल्याला दिसते, दुसरी आत साठवलेली असते. बहुतेक वेळा दोन्ही सारख्याच असल्यामुळे आपण त्यांना एकच समजतो. फाइल ऑफिसातच फिरत असेल तर फारसं बिघडत नाही, कारण शेजारच्या टेबलवरचा माणूस विचारायला येतो. बँकेत किंवा ऑडिटरकडे गेलेल्या फाइलबरोबर आपण जात नाही. तिथला माणूस दिसतं त्यावर टिक मारतो आणि एक्सेल असतं त्यावर हिशोब करतं. म्हणून पाठवण्याआधी पाच ठिकाणी पाहायचं. आपण दर महिन्याला सीसीसाठी, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जासाठी, जे स्टॉक स्टेटमेंट देतो, त्यातली डेटर्सची, म्हणजे ज्यांच्याकडून पैसे येणं आहे त्या पार्ट्यांची, यादीच उदाहरणाला घेऊ.

पहिलं तारखांचं, आणि यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. ९० दिवसांपुढची उधारी बँक डीपीत, म्हणजे आपल्याला किती रक्कम उचलता येईल त्या ड्रॉइंग पॉवरच्या हिशोबात, धरत नाही, त्यामुळे यादीतल्या एका चुकलेल्या तारखेवर पैसे हलतात. समजा स्टेटमेंट ३० जून २०२५चं आहे. एका पार्टीचं ६,४०,००० रुपयांचं बिल ५ मार्चचं आहे. अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधून काढलेल्या सीएसव्ही फाइलमध्ये ते `05/03/2025` असं येतं. फाइल ज्या लॅपटॉपवर उघडली, त्याचं रीजन सेटिंग `English (United States)` राहिलेलं असेल, तर एक्सेल तिथे महिना आधी वाचतं. सेलमध्ये दिसतं `5/3/2025`, ते आपण ५ मार्च वाचतो, आत बसते ३ मे. खरं वय ११७ दिवस, एक्सेलच्या मते ५८. बिल ९० दिवसांच्या आत आलं आणि २५ टक्के मार्जिन धरलं तरी डीपी ४,८०,००० रुपयांनी फुगला.

त्याच यादीतलं २७ मेचं बिल घ्या. सत्ताविसावा महिना नसतो, म्हणून एक्सेल `27/05/2025`ला तारीख मानतच नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवतं. वयाच्या कॉलममध्ये `#VALUE!` येतं. इथे कुणीतरी हुशारी करून `IFERROR` लावतो, एररच्या जागी शून्य बसतो आणि कॉलम स्वच्छ दिसायला लागतो. म्हणजे महिन्याच्या १ ते १२ तारखांची बिलं उलटी वाचली गेली (१ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा उलटूनही तशाच राहणाऱ्या सोडून), १३ ते ३१ची मजकूर होऊन बसली आणि स्क्रीनवर सगळं जिथल्या तिथे.

ओळखायचं कसं? मजकूर झालेल्या तारखा सेलच्या डाव्या कडेला चिकटतात, खऱ्या उजवीकडे राहतात. पण कुणी कॉलम सेंटर केला असेल तर ही खूण जाते, म्हणून हे एकदा टाकून बघा:

```
=COUNTA(C5:C64)-COUNT(C5:C64)
```

उत्तर शून्य नसेल तर तितक्या तारखा तारखा नाहीत. उलट्या झालेल्या मात्र यात सापडत नाहीत, कारण एक्सेलच्या लेखी त्या वैध तारखाच आहेत. त्यासाठी कॉलमचा फॉरमॅट `dd-mmm-yyyy` करा म्हणजे महिना अक्षरांत दिसेल, आणि यादी बिल नंबरने लावा. नंबर पुढे जाताना तारीखही पुढेच जायला हवी. मार्चच्या बिलांमध्ये अचानक मे आला किंवा ३० जूनच्या पुढची तारीख दिसली, की समजायचं. दुरुस्ती हाताने एकेक सेल खोडून करू नका, एक राहतोच. विंडोजचं रीजन `English (India)` करा आणि मूळ सीएसव्ही नव्याने उघडा.

दुसरं, टोटल. ओळ लपवणं आणि ओळ काढणं यात आपल्याकडे सर्रास गल्लत होते. डेटर्सच्या यादीत सिस्टर कन्सर्नचे ३,७५,००० होते, ते बँकेला धरायचे नव्हते, म्हणून कुणीतरी ती ओळ राइट क्लिक करून हाइड केली. उरलेल्या ओळींची बेरीज ४२,१५,००० होते. खाली टोटलमध्ये मात्र ४५,९०,००० तसेच, कारण `SUM` लपलेल्या ओळीही मोजतो. बँकेतला अधिकारी प्रिंट घेऊन कॅल्क्युलेटरवर बेरीज मारतो आणि पहिला फोन तिथेच येतो. फोन आला तर एका अर्थी बरंच, नाही आला तर नको ती उधारी डीपीत गेली.

यावर `SUBTOTAL` वापरा असं सांगितलं जातं, पण त्यातही एक खोच आहे. `SUBTOTAL(9,...)` फिल्टरने गेलेल्या ओळी सोडतो, हाताने हाइड केलेल्या मात्र मोजतो. दोन्ही सोडायच्या असतील तर `SUBTOTAL(109,...)` लागतो. माझं मत विचाराल तर बाहेर जाणाऱ्या फाइलमध्ये लपलेली ओळ असूच नये. जे धरायचं नाही, ते वेगळ्या ओळीत ‘वजा: सिस्टर कन्सर्न’ असं उघड दाखवा. ते दिसलं म्हणून बँक रागावत नाही, नंतर सापडलं तर रागावते.

टोटल चुकायचं आणखी एक कारण म्हणजे आकड्याचा वेश घेतलेला मजकूर. मेलमधून कॉपी केलेल्या रकमेपुढे-मागे एखादी नॉन-ब्रेकिंग स्पेस आली की `SUM` ती रक्कम गपचूप सोडून देतो, एरर देत नाही. वरचा `COUNTA` वजा `COUNT`चा फॉर्म्युला रकमेच्या कॉलमलाही लावा, काम होतं.

तिसरं राउंडिंगचं, थोडक्यात. आकडे लाखांत दाखवताना आपण दशांश कमी करतो. कच्चा माल १२.४४ आणि पक्का माल ७.४४ असेल तर दिसतं १२.४ आणि ७.४, टोटल दिसते १९.९. वाचणारा म्हणतो १९.८ हवेत. आत १९.८८ आहेत, एक्सेलचं काही चुकलेलं नाही, पण ऑडिटरकडून आलेला आर्टिकल, म्हणजे शिकाऊ सीए, कास्टिंगमध्ये, म्हणजे बेरजेत, फरक म्हणून लिहून घेणार आणि आपला अर्धा दिवस जाणार. आकडा खरोखरच दोन दशांशांवर थांबायला हवा असेल, पगारात असतोच, तर फॉरमॅट बदलून चालत नाही, मूळ हिशोबालाच `ROUND(...,2)` लावावा लागतो. स्टेटमेंटमध्ये मी तर पूर्ण रुपयेच दाखवीन.

चौथं खाते क्रमांकाचं. डेटर्सच्या यादीत ते नसतात, पण पगाराची किंवा सप्लायरच्या पेमेंटची फाइल बँकेच्या पोर्टलवर चढवता तेव्हा हेच महत्त्वाचं. एक्सेल कुठल्याही संख्येचे १५ अंकच लक्षात ठेवतं. १६ अंकी खाते क्रमांक साध्या सेलमध्ये टाइप केला की शेवटचा अंक शून्य होतो. तो नुसता दिसायला शून्य नसतो, आतही शून्यच असतो. नंतर कॉलम टेक्स्ट केला तरी गेलेला अंक परत येत नाही. सुरुवातीची शून्यंही अशीच उडतात. म्हणून टाइप करण्याआधी कॉलमचा फॉरमॅट `Text` करायचा, हा क्रम उलटा चालत नाही.

आता गंमत बघा. एवढा वेळ मी सांगतोय की दिसण्यावर जाऊ नका, फाइलबरोबर असतं ते जातं. सीएसव्हीला हे उलटं लागू होतं. `Save As` करून सीएसव्ही केलीत की सेलमध्ये जे दिसतं तेच फाइलमध्ये लिहिलं जातं. १४ अंकी खाते क्रमांक आत पूर्ण शाबूत आहे, पण जनरल फॉरमॅटमध्ये `5.01E+13` असा दिसतोय, तर सीएसव्हीत `5.01E+13` हेच जातं. ही फाइल तपासायला परत एक्सेलमध्ये उघडू नका, उघडताना एक्सेल पुन्हा आपल्या मनाने तारखा आणि क्रमांक बदलतं, आणि सेव्ह झालं तर बदल कायमचे. नोटपॅडमध्ये उघडा. तिथे जे दिसेल, अक्षरशः तेच पोर्टल वाचणार. आयएफएससी कोडही तिथेच बघून घ्या: ११ अक्षरं असतात आणि पाचवं नेहमी शून्य, इंग्रजी ओ नव्हे.

पाचवं म्हणजे फाइलमध्ये नकळत राहिलेलं सामान. हाइड केलेली शीट कुणीही राइट क्लिक करून `Unhide` करू शकतो, हे बहुतेकांना माहीत असतं. पिव्हट टेबलचं माहीत नसतं. पिव्हट आपल्या मूळ डेटाची एक प्रत सहसा स्वतःजवळ ठेवतं. पार्टीवार विक्रीचा पिव्हट ठेवून तुम्ही मागची शीट डिलीट केलीत, तरी समोरच्याने ग्रँड टोटलवर डबल क्लिक केलं की सगळ्या ओळी, दर आणि सवलतींसकट, नव्या शीटवर उघडतात. बँकेला द्यायचा पिव्हट असेल तर तो नव्या वर्कबुकमध्ये `Paste Special`, मग `Values` करून द्या. बाकीचं शोधायला `File`, `Info`, `Check for Issues`, `Inspect Document`. पण हे मूळ फाइलवर चालवू नका, कॉपीवर चालवा, कारण तिथे काढलेलं काही वेळा परत आणता येत नाही.

इथे बँक आणि ऑडिटर यांत फरक करायचा. बँकेला उत्तर हवं असतं, म्हणून फॉर्म्युले काढून नुसते आकडे दिले तरी चालतं. ऑडिटरला ते उत्तर कुठून आलं हे बघायचं असतं. सगळं व्हॅल्यूज करून दिलंत तर तो दुसऱ्या दिवशी फॉर्म्युल्यांची फाइल मागणारच. त्याला फॉर्म्युले ठेवूनच द्या. फक्त आधी `Data` टॅबमध्ये `Edit Links` (नव्या व्हर्जनमध्ये `Workbook Links`) उघडून बघा. आपल्या सर्व्हरवरच्या दुसऱ्या फाइलशी लिंक असेल तर त्याच्याकडे ती फाइल नाही, त्याला शेवटचा साठलेला आकडाच दिसत राहील, तो जुना असला तरी. ती फाइलही सोबत द्या.

आणि बँकेला जी फाइल गेली, तीच जशीच्या तशी तारीख घालून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, पुढच्या महिन्याला तिच्यावरच सेव्ह करू नका. कारो २०२० हा ऑडिटरच्या अहवालाबद्दलचा सरकारी आदेश ज्या कंपन्यांना लागू आहे, त्यांच्याकडे चालू मालमत्तेच्या तारणावर वर्षात कधीही ५ कोटींपेक्षा जास्त वर्किंग कॅपिटल लिमिट मंजूर असेल, तर बँकेला दिलेली तिमाही स्टेटमेंटं पुस्तकांशी जुळतात का, हे ऑडिटरला आपल्या अहवालात लिहावं लागतं. तेव्हा तो आजची शीट बघत नाही, जूनमध्ये बँकेला गेलेली बघतो. ५ मार्चचं ते बिल ३ मे म्हणून गेलं असेल, तर ते तिथे सापडेल.