सरासरी १४ टक्के नफा आणि तरी पैसे कमी

अमळनेरकडच्या एका ओळखीच्या पोराने परवा विचारलं, कॉलेजात शेअर मार्केटचं प्रेझेंटेशन आहे, बाहेरून सर येणारेत, काय प्रश्न विचारू सांगा ना. स्लाईड्स त्यांनी आधीच ग्रुपवर टाकल्या होत्या. पहिली स्लाईड अर्थातच विप्रोची. आपल्याकडे दुसरी कशी असणार! १९४५ साली अमळनेरात वनस्पती तुपाची कंपनी निघाली, गावातल्या काही लोकांकडे तिचे शेअर होते आणि ज्यांनी ते पिढ्यानपिढ्या धरून ठेवले ते खरोखर श्रीमंत झाले. ही गोष्ट खरी आहे आणि मला तिचा अभिमानही आहे. पण स्लाईडवर खाली लिहिलंय "तुम्हीही असंच करू शकता", तिथे मात्र मला थांबावंसं वाटतं.

म्हणून पहिला प्रश्न हा विचार: सर, त्याच काळात निघालेल्या बाकीच्या तेलाच्या, तुपाच्या कंपन्यांचं काय झालं? त्यांची स्लाईड नाही, कारण त्या आज कोणाच्या लक्षातच नाहीत. तूप विकणारी कंपनी पुढे कॉम्प्युटरमध्ये जाणार हे शेअर घेताना कोणालाच माहीत नव्हतं. जिंकलेला घोडा शर्यत संपल्यावर दाखवणं सोपं असतं. ग्रहांवरून तेजी-मंदी सांगणाऱ्यांचंही हेच. १०२४ जणांनी दहा आठवडे नुसतं नाणं उडवून "वर" किंवा "खाली" सांगितलं तरी त्यातला साधारण एक जण दहाच्या दहा वेळा बरोबर निघतो, त्याला ना शनी लागतो ना गुरु, आणि आपल्यापर्यंत जाहिरात फक्त त्याचीच येते.

आता दुसरा प्रश्न, आणि माझा सगळ्यात आवडता: सर, ही "सरासरी" कोणती?

सेन्सेक्सचेच आकडे घेऊ. २००७ च्या शेवटी तो २०,२८७ वर होता, २००८ च्या शेवटी ९,६४७ वर आला म्हणजे साधारण ५२ टक्के पडला, आणि २००९ च्या शेवटी १७,४६५ वर गेला म्हणजे ८१ टक्के चढला. आता शाळेतली सरासरी काढ. उणे ५२ अधिक ८१, भागिले दोन, आलं साधारण अधिक १४. स्लाईडवर "दोन वर्षांत वर्षाला सरासरी १४ टक्के" असं लिहिलं तर गणित चुकलेलं नाही! पण ज्याने २००७ च्या शेवटी एक लाख लावले त्याच्याकडे (डिव्हिडंड सोडला तर) दोन वर्षांनी ८६ हजार होते.

असं होतं कारण टक्के बेरजेने चालत नाहीत, गुणाकाराने चालतात. ५० टक्के पडलं की राहिलेल्या निम्म्यावर ५० टक्के चढून भागत नाही, मूळ जागी यायला १०० टक्के चढावं लागतं. म्हणून चढउतार जितका मोठा तितकी खरी वाढ साध्या सरासरीच्या खाली जाते. किती खाली, याचा एक अंदाजे नियम आहे आणि तो मला फार सुंदर वाटतो: खरी वाढ = सरासरी वजा चढउताराच्या वर्गाचा निम्मा. एक शेअर एका वर्षी ६० टक्के चढतो, दुसऱ्या वर्षी ४० टक्के पडतो असं समज. सरासरी १० टक्के आणि त्या १० पासून दोन्ही बाजूंना ५० चा झोका. ०.५ चा वर्ग ०.२५, त्याचा निम्मा ०.१२५, आणि ०.१० मधून तो वजा केला तर उणे अडीच टक्के. खरं उत्तर वर्षाला उणे दोन टक्के येतं, म्हणजे अंदाज बराच जवळ गेला. वर्ग आहे हे महत्त्वाचं, झोका दुप्पट झाला की नुकसान चौपट होतं.

आणि डायव्हर्सिफिकेशनचं, म्हणजे पैसे वेगवेगळ्या ठिकाणी वाटून लावण्याचं, खरं काम इथे आहे. असेच दोन शेअर घे, अ आणि ब, चढले की ६० टक्के आणि पडले की ४० टक्के. चार वर्षांत अ पहिल्या दोन वर्षी चढला, नंतर दोन वर्षं पडला. ब एक वर्ष चढला, एक पडला, परत चढला, परत पडला. दोघांपैकी कोणत्याही एकात एक लाख ठेवले असते तर शेवटी ९२,१६० राहिले असते, म्हणजे दोन्हीकडे तोटाच. आता अर्धे अर्धे लाव आणि दर वर्षाअखेर वाढलेल्यातलं थोडं विकून दुसऱ्यात टाक, परत अर्धे अर्धे कर. पहिल्या वर्षी दोघं चढले, १,६०,०००. दुसऱ्या वर्षी एक चढला एक पडला, मिळून अधिक १० टक्के, १,७६,०००. तिसऱ्या वर्षी तसंच, १,९३,६००. चौथ्या वर्षी दोघं पडले, १,१६,१६०. दोन तोट्याचे शेअर आणि मिळून १६ टक्के नफा! यात जादू काही नाही, दोघांची सरासरी तीच १० राहिली पण चढउताराचा वर्ग निम्मा झाला, म्हणून वरच्या नियमातली वजाबाकीही निम्मी झाली. (ब्रोकरेज आणि टॅक्स मी धरला नाहीये, तो धरला की नफा कमी होतो.)

म्हणून तिसरा प्रश्न: सर, तुमच्या यादीतले वीस शेअर एकत्र पडतात का? वीस कंपन्या घेतल्या आणि त्यातल्या बारा बँका आणि फायनान्स कंपन्या असतील तर ते रावेर-यावलच्या दहा वेगवेगळ्या मळ्यांत एकाच जातीची केळी लावण्यासारखं आहे भो, मळे दहा असले तरी रोग एकच पुरतो. अ आणि ब दरवेळी एकत्रच चढले-पडले असते तर ते १६ टक्के मिळालेच नसते, परत ९२,१६० वरच आलो असतो. सरांनी नुसती शेअरची संख्या सांगितली तर समाधान मानू नको. २००८ मध्ये आणि मार्च २०२० मध्ये यादीतला प्रत्येक शेअर किती पडला ते विचार. जवळपास सगळेच पडलेले दिसतील, कारण घबराटीत लोक सगळंच विकतात. त्या वेळी झोका कमी करायला शेअरबाहेरचं काहीतरी लागतं, एफडी, सोनं वगैरे.

शिवाय "पडलेल्यात पैसे टाका" हे एकेकट्या शेअरला लावलं तर धोका आहे. सत्यम जानेवारी २००९ मध्ये हिशोबातल्या घोटाळ्यामुळे कोसळली तेव्हा ती सेन्सेक्समधलीच कंपनी होती. घोटाळा बाहेर आलेल्या कंपनीत समतोल साधायला दरवेळी पैसे ओतत राहणं म्हणजे चांगल्या शेअरचा नफा बुडत्यात घालणं. आमच्या गणितात पडलेला शेअर परत चढेल असं गृहीत धरलंय, एकट्या कंपनीला ते लागू होईलच असं नाही. म्हणून ही पद्धत इंडेक्स फंड, म्हणजे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातले सगळे शेअर एकत्र घेणारा फंड, आणि एफडी अशा गोष्टींमध्ये जास्त शोभते.

चौथा प्रश्न छोटा आहे: सुरुवात कोणत्या तारखेची? निफ्टी २३ मार्च २०२० ला ७,६१० वर बंद झाला आणि वर्षाने १४,८०० च्या आसपास होता. तिथून मोजलं तर वर्षात जवळपास दुप्पट. पण दोनच महिने मागे, जानेवारी २०२० पासून मोजलं तर निफ्टी तेव्हा १२ हजारांच्या वर होता, मग तीच वाढ २० टक्क्यांच्या आसपास येते. मार्केट तेच आहे, फक्त तारीख सरकवली. सर एकच तारीख दाखवत असतील तर सरळ म्हण, सर, दर महिन्याला सुरुवात करून पाच-पाच वर्षांचे सगळे तुकडे मोजले तर सगळ्यात वाईट तुकडा किती आला? याला रोलिंग रिटर्न म्हणतात आणि नीट अभ्यास केलेल्या माणसाकडे तो तक्ता असतो.

आणि शेवटी सरांनी अमुक शेअर घ्या असं नाव घेऊन सांगितलंच तर सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा, नोंदणी नंबर माग, सल्लागाराचा INA ने सुरू होतो आणि रिसर्च ॲनालिस्टचा INH ने. सेबीच्या साइटवर तो तिथल्या तिथे मोबाईलवर तपासता येतो. "मी फक्त शिकवतो" असं उत्तर आलं तर स्लाईडवरच्या भावांच्या तारखा बघ, कारण नुसतं शिकवणाऱ्याने मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरायचे नाहीत असं सेबीने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं होतं.