पांढरा रंग गाळून घेण्याची गोष्ट: ‘कलर टू अल्फा’ची पार्श्वभूमी

कागदावरची सही स्कॅन करून पत्रावर बसवायची असली की भोवतीचा पांढरा चौकोन आड येतो. तो चित्र-संपादकातल्या ‘जादूच्या कांडी’ या निवड-अवजाराने निवडून खोडला तर अक्षरांच्या कडेला पांढुरकी किनार राहते, कारण कडेचे पिक्सेल धड शाईचे नसतात, धड कागदाचे नसतात. जुन्या जीआयएफ चित्रांतही हीच अडचण होती. तिथे पिक्सेल एकतर दिसायचा, नाहीतर पूर्ण पारदर्शक असायचा.

अधलीमधली पारदर्शकता साठवणारा अल्फा चॅनल १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात आल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमुल यांनी आणला. पण तयार चित्रातून तो उलटा शोधून काढणे हे वेगळेच दुखणे. दिसणारा रंग म्हणजे वरचा रंग आणि मागचा रंग यांचे मिश्रण. मागचा रंग माहीत असला, तरी वरचा रंग कोणता आणि तो किती दाट, ही दोन्ही उत्तरे अज्ञातच राहतात. अशी असंख्य उत्तरे संभवतात, हे स्मिथ आणि जेम्स ब्लिन यांनी १९९६ मध्ये चित्रपटांतल्या निळ्या पडद्यासमोरच्या चित्रणाच्या संदर्भात दाखवले.

सेथ बर्जेस यांनी मे १९९९ मध्ये गिम्प या मोफत चित्र-संपादकासाठी Color to Alpha हे प्लगइन लिहिले. गणिताची रीत ‘क्लाही’ या टोपणनावाच्या सहकाऱ्याची. त्या असंख्य उत्तरांतून ही रीत सरळ सर्वांत पारदर्शक उत्तर उचलते. सहीच्या कडेचा एक पिक्सेल घ्या: लाल १२७, हिरवा १२७, निळा १९१. पांढऱ्यापासून (२५५) सर्वांत दूर लाल आणि हिरवा, १२८ने. १२८ भागिले २५५ म्हणजे साधारण ५० टक्के अपारदर्शकता. पांढरा वजा केल्यावर उरतो गडद निळा: ०, ०, १२७. पुन्हा पांढऱ्यावर ठेवला की मूळ रंग जसाच्या तसा. किनार मात्र गेली.

मेख इथेच आहे. हे गणित चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलला लागू होते. गोऱ्या चेहऱ्याचा रंग २३०, १९०, १६० असेल तर तो जेमतेम ३७ टक्के अपारदर्शक उरतो आणि काळ्या पार्श्वभूमीवर माणूस भुतासारखा दिसतो. सहीचीही दाट शाई थोडी विरळ होतेच. शिवाय स्कॅनचा कागद २५५ नसून २४८ वगैरे असतो, म्हणून सगळीकडे पुसट जाळे राहते. अनेक वर्षे लोक आधी उजेड-अंधार जुळवणाऱ्या ‘लेव्हल्स’ने कागद पांढराफेक करून घ्यायचे, किंवा हवा तेवढाच भाग निवडून मग आज्ञा द्यायचे.

२०१८च्या गिम्प २.१० मध्ये ही सोय गेगल या गिम्पच्या नव्या चित्र-प्रक्रिया यंत्रणेवर आली आणि तिथे दोन सरकपट्ट्या मिळाल्या. Transparency threshold वाढवला की जवळपास पांढरे सारेच पूर्ण नाहीसे होते. Opacity threshold कमी केला की ठरावीक अंतरापलीकडचे रंग पूर्ण अपारदर्शक राहतात, म्हणजे शाई शाबूत. मात्र दोन्ही एकमेकांच्या फार जवळ आणले, तर कड पुन्हा दातेरी होते.