नोकरीसाठी देश सोडला, तर उरलेल्या महिन्यांचे पैसे कोणाचे?

मे 2007 मध्ये जर्मनीतल्या एका ग्राहकाने डीएसएल ब्रॉडबँडचा दोन वर्षांचा करार केला. सहा महिन्यांनी तो दुसऱ्या गावात राहायला गेला. नव्या घरापर्यंत डीएसएलची लाइनच पोहोचत नव्हती, आणि कंपनीनेही त्याला तसे कळवले. म्हणून त्याने करार रद्द केला, पण कंपनी महिन्याचे बिल लावतच राहिली. हे भांडण कार्ल्सरूहच्या संघीय न्यायालयापर्यंत गेले. 11 नोव्हेंबर 2010 रोजी निकाल लागला, तो ग्राहकाच्या विरुद्ध. जी सेवा त्याला मिळूच शकत नव्हती, तिचे पैसे त्याने मुदत संपेपर्यंत द्यायचे होते.

हा माणूस देश सोडून गेला नव्हता. तरीही परदेशी नोकरीला निघालेल्याला आज मुदतीआधी करार सोडताना काय भरावे लागते, हे समजून घ्यायला याच निकालापासून सुरुवात करावी लागते, कारण त्यात दोन्ही बाजूंचे मुद्दे स्वच्छ मांडलेले आहेत. न्यायालयाचे म्हणणे असे की, लांब मुदत ही कमी मासिक दराची दुसरी बाजू आहे. कंपनी सुरुवातीला राउटरसारखी यंत्रणा देते आणि तो खर्च बहुतेकदा दुसऱ्या वर्षात कुठे भरून निघतो. घर बदलणे ही ग्राहकाच्या आयुष्यातली गोष्ट आहे. ती नोकरीसाठी असो वा कुटुंबासाठी, तिची जोखीम त्याचीच.

खर्चवसुलीचा हा युक्तिवाद मोबाइलच्या धंद्यातून आलेला आहे. हँडसेट स्वस्तात किंवा फुकट द्यायचा आणि त्याची किंमत दोन वर्षांच्या मासिक बिलातून काढायची, ही पद्धत 1990 च्या दशकात रुळली. ग्राहक मध्येच गेला तर हँडसेटचे पैसे बुडणार, म्हणून करार सोडण्याचे शुल्क आले. इथवर ते रास्त आहे. गडबड अशी की बरीच वर्षे हे शुल्क एकरकमी होते: दुसऱ्या महिन्यात सोडा वा तेविसाव्या, रक्कम तीच. हँडसेट जवळजवळ फिटलेला असताना पूर्ण रक्कम मागणे म्हणजे भरपाई नव्हे, दंड. कॅलिफोर्नियातल्या एका न्यायालयाने 2008 मध्ये स्प्रिंट या मोबाइल कंपनीच्या एकरकमी शुल्काबाबत नेमके हेच म्हटले. त्याच सुमारास अमेरिकी कंपन्या महिन्यागणिक उतरत जाणाऱ्या शुल्काकडे वळल्या.

रक्कम किती हा प्रश्न असा थोडा सुटला, पण जोखीम कोणाची हा प्रश्न तसाच राहिला. त्याच वर्षी अमेरिकेने एका गटापुरते त्याचे उत्तर दिले. किमान 90 दिवसांसाठी परदेशी तैनात होणाऱ्या सैनिकाला मोबाइल करार शुल्काशिवाय सोडण्याचा हक्क कायद्याने मिळाला. कामासाठी देश सोडणे हे करार संपवण्याचे योग्य कारण असू शकते, हे तिथे मान्य झाले, पण फक्त गणवेशातल्यांसाठी. कंपनीने परदेशातल्या कार्यालयात पाठवलेल्या अभियंत्याला किंवा परिचारिकेला त्यात जागा नव्हती.

जर्मनीत 2010 च्या निकालानंतर संसदेनेच हात घातला. मे 2012 मध्ये दूरसंचार कायद्यात नवे कलम आले. ग्राहक घर बदलत असेल तर कंपनीने तीच सेवा नव्या पत्त्यावर, मुदत न वाढवता द्यायची. तिथे ती देत नसेल, तर ग्राहक तीन महिन्यांच्या सूचनेने, महिनाअखेरीस, बाहेर पडू शकेल. नवा पत्ता देशातलाच हवा, अशी अट कलमात नव्हती. घरच्या लाइनचे जाळे सरहद्दीपलीकडे नसते, त्यामुळे परदेशी जाणाऱ्याच्या बाबतीत ‘सेवा तिथे मिळत नाही’ हे तर उघडच होते.

मग वाद उरला एका साध्या प्रश्नावर: तीन महिने मोजायचे कधीपासून? मार्चमध्ये नेमणुकीचे पत्र आले आणि जूनअखेर निघायचे असेल, तर मार्चमध्येच सूचना देऊन जूनमध्ये मोकळे होता येईल का? डुसेलडॉर्फच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये आणि म्युनिकच्या न्यायालयाने जानेवारी 2018 मध्ये सांगितले की नाही, घर सोडल्यानंतरच मुदत सुरू होते. म्हणजे चार महिने आधी कळवणारा आणि आदल्या दिवशी कळवणारा दोघेही सारखेच. माझ्या मते असा अर्थ लावल्याने कलमाचा अर्धा जीव गेला.

आकड्यात पाहू. महिना 40 युरो, करार संपायला दहा महिने बाकी, आणि घर 30 जूनला सोडायचे. 2010 च्या नियमाने 400 युरो जातात. 2012 च्या नियमाने, न्यायालयांनी लावलेल्या अर्थासह, जुलै ते सप्टेंबरचे 120. निघणे 5 जुलैवर गेले तर तीन महिने 5 ऑक्टोबरला भरतात, पण करार संपतो महिनाअखेरीस, म्हणून ऑक्टोबरचेही पूर्ण 40 द्यावे लागतात. पाच दिवसांनी एका महिन्याचे बिल वाढले.

1 डिसेंबर 2021 पासून लागू झालेल्या नव्या दूरसंचार कायद्याने ही गाठ सोडवली. सूचना एक महिन्याची झाली आणि ती घर सोडण्याच्या दिवसापासून लागू होईल अशी आधीच देता येते. वरच्या उदाहरणात मेअखेरपर्यंत सूचना पोहोचली तर 30 जूननंतर काहीच देणे उरत नाही. 20 जूनला पोहोचली तर 20 जुलैपर्यंतचे, म्हणजे सुमारे 26 युरो. हँडसेटचा हिशेब मात्र वेगळा. युरोपीय संघाच्या 2018 च्या दूरसंचार संहितेनुसार, असा हक्क वापरून बाहेर पडणाऱ्या ग्राहकाने करारासोबत मिळालेले यंत्र स्वतःकडे ठेवले, तर भरपाई घेता येते, पण ती यंत्राच्या उरलेल्या मुदतीच्या प्रमाणातल्या किमतीपेक्षा किंवा उरलेल्या सेवाशुल्कापेक्षा जास्त नसावी. दोहोंत कमी असेल ती. हँडसेटपासून सुरू झालेले हे शुल्क इथे पुन्हा हँडसेटपुरते झाले.

व्यवहारात लोक अडकतात ते कागदावर. कंपनी पुरावा म्हणून रहिवास नोंदणी रद्द केल्याचा दाखला मागते. जर्मनीत ही नोंद निघण्याच्या फार तर एक आठवडा आधी रद्द करता येते. दाखला हातात आल्यावर पत्र लिहू, असे म्हणणाऱ्याचा एक महिना तिथेच जातो. म्हणून आधी तारखेसह लेखी सूचना, सोबत नोकरीचे पत्र, आणि दाखला मागाहून पाठवावा.

मोबाइलचे प्रकरण अजूनही तितके सरळ नाही. सिम रोमिंगवर चालते, म्हणून सेवा नव्या ठिकाणीही मिळतेच, असे कंपनी म्हणू शकते. जून 2017 पासून युरोपीय संघात रोमिंगचे जादा पैसे नाहीत, त्यामुळे या म्हणण्याला वरवर जोर येतो. पण ती सवलत प्रवाशासाठी आहे. चार महिन्यांच्या काळात ग्राहकाचा मुक्काम आणि वापर मुख्यतः दुसऱ्याच देशात दिसला, तर कंपनी त्याला इशारा देऊन जादा आकार लावू शकते. कायमचे परदेशी राहण्यासाठी ही सेवा नाही, हे कंपनीच्याच अटी सांगत असतात, आणि वाद झाल्यास ग्राहकाने पहिले बोट त्या अटींवर ठेवावे.