तारीख आणि वार: क्रॉनच्या पाच रकान्यांमागचा इतिहास

क्रॉन हा युनिक्स आणि लिनक्सवर ठरल्या वेळी आज्ञा चालवणारा प्रोग्राम, आणि क्रॉनटॅब ही त्याच्या वेळापत्रकाची फाइल. क्रॉनटॅबमधल्या ओळीत आधी पाच रकाने येतात: मिनिट (0 ते 59), तास (0 ते 23), तारीख (1 ते 31), महिना (1 ते 12) आणि वार. वारात 0 म्हणजे रविवार, 1 म्हणजे सोमवार, आणि आजच्या बहुतेक क्रॉनमध्ये 7 हाही रविवारच. त्यापुढे चालवायची आज्ञा. एवढं साधं व्याकरण असूनही जॉब नको त्या दिवशी चालतात. त्याचं कारण कळायला हे रकाने कसे तयार झाले ते पाहावं लागतं.

1979 च्या युनिक्स व्हर्जन 7 मधला क्रॉन दर मिनिटाला जागा होई आणि `/usr/lib/crontab` या एकाच फाइलमधल्या ओळींशी घड्याळ ताडून पाही. पाचही रकाने आत्ताच्या वेळेशी जुळले की आज्ञा चाले, एक जरी जुळला नाही तरी ओळ सोडून दिली जाई. आधीचा जॉब कधी चालला होता, याची नोंद त्याच्याकडे नव्हती. मोजणी नाही, फक्त जुळणी, हा त्याचा स्वभाव आजही तसाच आहे. अंक, स्वल्पविरामाची यादी, `1-5` सारखा पट्टा आणि ‘कोणतंही मूल्य चालेल’ असं सांगणारी चांदणी `*` एवढीच लिपी तेव्हा होती.

नंतर एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्हमध्ये एक बदल झाला. दिवस दोन रकान्यांतून सांगता येतो, तारखेतून आणि वारातून. दोन्ही भरलेले असतील तर दोन्ही पाळायचे, असं तिथे ठरलं. म्हणजे तारीख जुळली तरी चालवायचं आणि वार जुळला तरी चालवायचं. `0 0 1,15 * 1` ही ओळ 1 आणि 15 तारखेला चालते आणि शिवाय दर सोमवारीही. हाच नियम पुढे युनिक्ससाठीच्या पोझिक्स मानकात गेला. बाकीच्या रकान्यांमध्ये ‘आणि’, या दोघांमध्ये मात्र ‘किंवा’. वाचणारा पाचही रकान्यांत ‘आणि’ धरून वाचतो आणि तिथेच फसतो.

1987 मध्ये पॉल विक्सी यांनी आपला क्रॉन खुला केला. आज डेबियन आणि रेड हॅट या दोन्ही घराण्यांतल्या लिनक्सवर त्याचेच वंशज चालतात. मानकाशी जुळायचं म्हणून विक्सींनी ‘किंवा’चा नियम ठेवला, हा प्रकार विचित्र आहे, पण मानक तसंच आहे, अशी टीप त्यांनी सोर्स कोडमध्येच लिहून ठेवली. तिरप्या रेषेची स्टेप, म्हणजे `*/10`, पोझिक्समध्ये नाही. ती विक्सी क्रॉनमधून सगळीकडे पोचली. हे दोन नियम एकत्र आले आणि एक न दिसणारा खड्डा तयार झाला.

रकाना ‘भरलेला’ आहे की नाही, हे विक्सी क्रॉन त्याच्या पहिल्या अक्षरावरून ठरवतो. ते `*` असेल तर रकाना मोकळा. `*/2` चांदणीनेच सुरू होतो, त्यामुळे तो अर्ध्या तारखा गाळत असूनही मोकळाच धरला जातो. तारीख किंवा वार यांपैकी एक जरी मोकळा असला तरी दोघांत ‘आणि’ लागतो. या तीन ओळी पाहा:

```
0 9 1-7    * 1  /usr/local/bin/ahaval
0 9 */2    * 1  /usr/local/bin/ahaval
0 9 1-31/2 * 1  /usr/local/bin/ahaval
```

जुलै 2026 घेऊ. त्या महिन्यात सोमवार 6, 13, 20 आणि 27 तारखेला येतात. पहिली ओळ लिहिणाऱ्याला बहुतेक ‘महिन्याचा पहिला सोमवार’ हवा असतो, म्हणजे फक्त 6 तारीख. पण दोन्ही रकाने भरलेले आहेत, म्हणून अहवाल 1 ते 7 रोज निघतो आणि पुढे 13, 20, 27 लाही. एकाऐवजी 10 वेळा. दुसरी ओळ विषम तारखेच्या सोमवारीच चालते: 13 आणि 27. तिसरीतला तारखांचा संच दुसरीइतकाच आहे, पण ती अंकाने सुरू होते. त्यामुळे 16 विषम तारखा आणि वर 6 व 20 हे सोमवार, असे 18 दिवस. दिसायला समानार्थी असलेल्या दोन ओळींत 2 आणि 18 इतका फरक पडतो, म्हणून तारीख आणि वार एकाच ओळीत भरूच नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. वाराची अट आज्ञेत न्यावी:

```
0 9 1-7 * * [ "$(date +\%u)" = 1 ] && /usr/local/bin/ahaval
```

`%` च्या आधीची उलटी तिरपी रेषा गाळू नका. क्रॉनटॅबमध्ये मोकळा `%` म्हणजे नवी ओळ. त्यापुढचा मजकूर आज्ञेला इनपुट म्हणून जातो आणि आज्ञा मध्येच तुटते.

स्टेपचा दुसरा घोळ थेट जुन्या स्वभावातून येतो. `*/45` हे ‘दर 45 मिनिटांनी’ असं वाचलं जातं. क्रॉन मात्र 0 ते 59 या पट्ट्यात 0 पासून 45 च्या उड्या मारतो आणि 0 व 45 ही दोन मिनिटं निवडतो. जॉब 10:00, 10:45, 11:00 ला चालतो: एकदा 45 मिनिटांचं अंतर, एकदा 15 चं. तारखेतला `*/2` असाच 31 ला आणि लगेच दुसऱ्या दिवशी 1 ला चालतो. खरोखर 45 मिनिटांचं अंतर हवं असेल तर चक्र तीन तासांनी पूर्ण होतं, तेवढ्या ओळी लिहाव्या लागतात:

```
0,45 0-23/3 * * * /usr/local/bin/tapas
30   1-23/3 * * * /usr/local/bin/tapas
15   2-23/3 * * * /usr/local/bin/tapas
```

ओळ बरोबर असूनही वेळ चुकते, तेव्हा आधी `date` चालवून सर्व्हरचं घड्याळ पाहावं. भाड्याचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतात आणि भारताची वेळ त्यापुढे साडेपाच तास. `0 9 * * *` तिथे आपल्या दुपारी 2:30 ला चालतं. खरा त्रास रात्रीच्या जॉबना होतो, कारण मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या काळात यूटीसीमध्ये अजून आदला दिवस असतो. सोमवारी पहाटे 2 ला हवा असलेला जॉब `30 20 * * 0` असा, रविवारच्या रकान्यात लिहावा लागतो. दर महिन्याच्या 1 तारखेला पहाटे 2 ही वेळ तर पाच रकान्यांत सरळ मावतच नाही: ती यूटीसीत आदल्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला 20:30 असते, आणि शेवटची तारीख 28, 29, 30 किंवा 31 यांपैकी काहीही असू शकते. रेड हॅटकडच्या क्रोनीमध्ये `CRON_TZ=Asia/Kolkata` ही ओळ वर लिहून हे सुटतं. तशी सोय नसलेल्या क्रॉनवर चारही तारखांना उठवून भारतातली तारीख तपासायची:

```
30 20 28-31 * * [ "$(TZ=Asia/Kolkata date +\%d)" = 01 ] && /usr/local/bin/hishob
```