कोरा प्रश्न आणि दोन गोळे: ओएमआर वाचताना यांची गल्लत नको

नौपाड्यातल्या एका क्लासच्या यूपीएससी सराव परीक्षांच्या ओएमआर शीट स्कॅन करून मी तपासून देतो. प्रत्येक गोळ्याच्या आत किती टक्के भाग काळा आहे हे प्रोग्राम मोजतो आणि त्यावरून प्रश्न क्रमांक व पर्याय अशी जोडी लिहितो. बहुतेक जण इथे एकच नियम लावतात: ओळीतला सगळ्यात काळा गोळा म्हणजे उत्तर. या नियमात कोरा प्रश्न आणि दोन गोळे भरलेला प्रश्न, दोन्ही सरळ उत्तरासारखेच दिसतात.

एका शीटवरचा प्रश्न 18 पाहा. A 16, B 19, C 14, D 15 टक्के. विद्यार्थ्याने काहीच भरलेलं नाही. पण गोळ्यात छापलेलं अक्षर आणि कडेची रेघही काळ्यातच मोजली जाते, आणि B ला शाई जरा जास्त लागते. म्हणून प्रोग्राम खुशाल `18,B` लिहितो. प्रश्न 19 मध्ये A 15, B 78, C 13, D 84. इथे दोन गोळे भरलेत, तरी निघतं `19,D`.

यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत कोऱ्या प्रश्नाला शून्य गुण, आणि एकापेक्षा जास्त पर्याय भरले तर त्यातला एक बरोबर असला तरी उत्तर चूकच धरून त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश वजा. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात प्रश्न 2 गुणांचा असतो. समजा 19 चं उत्तर D आहे. मग वजा 0.66 च्या जागी 2 गुण मिळाले, म्हणजे एकाच ओळीत 2.66 चा फरक! दोन्हींना रिकामी जागा सोडणंही चूकच, कारण मग 19 ला शिक्षाच होत नाही. खुणा वेगवेगळ्या हव्यात:

```
17,C
18,-
19,*
20,A
```

त्यासाठी ओळीतले सगळ्यात मोठे दोन आकडे बघावे लागतात. माझ्या शीटवर सगळ्यात काळा गोळा 35 च्या खाली असेल तर कोरा, आणि दुसऱ्या क्रमांकाचाही 55 च्या वर असेल तर दोन गोळे. दुसरा 35 ते 55 मध्ये आला, किंवा सगळ्यात काळाच तिथे अडकला, तर ती ओळ मी स्वतः डोळ्यांनी बघतो. अर्धवट खोडलेले आणि फिकट भरलेले गोळे तिथेच सापडतात. या मर्यादा शीटच्या छपाईवर अवलंबून असतात, म्हणून आधी एक पूर्ण कोरी शीट स्कॅन करून बघावी.

एकाच शीटवर सलग प्रश्नांना `*` आला आणि प्रत्येकात C आहेच, तर विद्यार्थ्याला दोष देऊ नका. स्कॅनरच्या काचेवर कण चिकटला की कागद सरकताना उभी काळी रेघ उमटते आणि ती त्या स्तंभातल्या सगळ्या C मधून जाते. काच पुसून ती शीट पुन्हा स्कॅन करा.